‘Try Again Later’ : एकच उत्तर शंभर वेळा दिलं की काय होतं

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला दिलेला विषय मोठा होता, सोशल मीडियावर काम करताना येणाऱ्या अडचणी. त्यातली एकच अडचण मी घेतो, कारण सकाळपासून तुमच्यापैकी चार-पाच जणांनी मोबाईल पुढे करून मला तोच एक स्क्रीन दाखवलाय. इन्स्टाग्रामवर लोकांना उत्तरं देत असताना मध्येच एक चौकोन उघडतो. वर लिहिलेलं असतं ‘Try Again Later’ आणि खाली ‘We restrict certain activity to protect our community.’ म्हणजे समाजाच्या रक्षणासाठी आम्ही काही कृतींवर मर्यादा घालतो. त्यानंतर तुम्ही कितीही वेळा बटण दाबा, कमेंट जात नाही.

हा चौकोन दिसला की आपल्या मनात पहिली शंका काय येते, ते मी बोलून दाखवायची गरज नाही. आपलं नाव बघून, आपला विषय बघून आपल्याला गप्प केलं. या शंकेकडे मी नंतर येतो. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण आधी यंत्र काय करतं ते बघू.

एक उदाहरण धरून चालू. समजा, आपल्या एका कार्यकर्तीने शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर एक रील केलं. कागदपत्रं कोणती लागतात, महाडीबीटीवर खातं कसं उघडायचं, एवढंच. शेवटी ती म्हणाली, ‘लिंक हवी असेल तर खाली लिंक असं लिहा.’ रील चाललं. रात्री जेवण आटोपून ती बघते तर खाली दीडशे कमेंट, त्यातल्या शंभरएक नुसत्या ‘लिंक’, ‘लिंक प्लीज’, ‘ताई लिंक’. ती बसली उत्तरं द्यायला. एक वाक्य कॉपी केलं आणि प्रत्येकाखाली पेस्ट करत सुटली: ‘फॉर्मची लिंक बायोमध्ये आहे आणि सगळी कागदपत्रं तयार ठेवा.’ दोन-तीन मिनिटं झाली आणि चौकोन आला.

आता तिच्या बाजूने बघितलं तर ती लोकांची सेवा करत होती. यंत्राच्या बाजूने बघा. एक खातं आहे, ते दर सहा सेकंदांनी एक कमेंट टाकतंय, आणि प्रत्येक कमेंट शब्दशः सारखी आहे. बनावट कर्जाची जाहिरात करणारं खातं नेमकं हेच करतं. ‘घरबसल्या कमवा’वालेही हेच करतात. यंत्राला तिचा हेतू दिसत नाही, त्याला दोनच गोष्टी दिसतात. वेग आणि सारखेपणा.

वेग कसा मोजतात? आमच्या धंद्यात यासाठी एक जुनी, साधी रीत आहे. टोकन बकेट म्हणतात, आपण माठ म्हणू. समजा माठात वीस ग्लास पाणी मावतं आणि नळाची धार इतकी बारीक आहे की दोन मिनिटांत एक ग्लास भरतं. प्रत्येक कमेंटला एक ग्लास खर्च होतो. हे आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी. आपली कार्यकर्ती मिनिटाला दहा ग्लास काढतेय. दोन मिनिटांत वीस गेले, तेवढ्यात नळातून आला एक. म्हणजे बाविसाव्या कमेंटला माठ कोरडा. तीच जर मिनिटाला एक उत्तर देत बसली असती तर मिनिटाला अर्धा ग्लास तूट आली असती आणि माठ सुमारे चाळीस मिनिटं पुरला असता. दोन मिनिटांना एक उत्तर दिलं असतं तर कधीच संपला नसता. थोडी घाई माठ सहन करतो, सततची घाई नाही. म्हणून पहिली पंधरा-वीस उत्तरं बिनबोभाट जातात आणि माणसाला वाटतं की सगळं ठीक चाललंय.

माठ प्रत्येकाला सारखा नसतो. कालच उघडलेल्या खात्याला लहान माठ मिळतो, चार वर्षं नीट वापरलेल्या खात्याला मोठा. म्हणून मैत्रिणीचं चालतं आणि तुमचं अडतं. आणि माठ नेमका केवढा, हे कमेंटच्या बाबतीत इन्स्टाग्राम जाहीर करत नाही. कारण उघड आहे. आकडा कळला की स्पॅमवाला बरोबर एक कमी टाकेल. तासाला इतक्या, दिवसाला तितक्या असे आकडे यूट्यूबवरचे लोक छातीठोकपणे सांगतात, ते अंदाज असतात. काही कंपन्या वरचा आकडा सांगतात. एक्स, म्हणजे जुनं ट्विटर, त्यांच्या मदतपानावर दिवसाला २,४०० पोस्ट असा आकडा देत आलं आहे आणि तोही अर्ध्या अर्ध्या तासाच्या छोट्या वाट्यांत विभागलेला असतो असं सांगत आलं आहे. म्हणजे सकाळी एका दमात सगळा कोटा उडवता येत नाही.

आता दुसरी गोष्ट, सारखेपणा. इथे बरेच जण एक युक्ती करतात. वाक्य तेच ठेवतात, पुढे ‘ताई’ जोडतात, एखादा गुलाबाचा इमोजी टाकतात आणि समजतात की वेगळं झालं. होत नाही. दोन मजकूर जवळजवळ सारखे आहेत का हे ओळखायचं गणित बरंच जुनं आहे. १९९७ साली आंद्रेई ब्रॉडर यांनी अल्टाव्हिस्टा या त्या काळच्या सर्च इंजिनसाठी असं काम केलं होतं, कारण इंटरनेटवर तीच ती पानं थोडा फरक करून पुन्हा पुन्हा सापडत होती. त्यामागची कल्पना शाळेतल्या संच-छेदाची आहे. आपण साध्या रूपात करून बघू.

आपल्या कार्यकर्तीच्या वाक्यात नऊ शब्द आहेत. पुढे ‘ताई’ जोडला की दहा झाले. दोन्ही वाक्यांत मिळून वेगवेगळे शब्द दहा, त्यातले सामाईक नऊ. सारखेपणा ९० टक्के. बरं, ‘सगळी’च्या जागी ‘सर्व’ घातलं तर? सामाईक आठ, एकूण वेगळे दहा, ८० टक्के. म्हणजे कष्ट घेऊनही यंत्राच्या दृष्टीने तुम्ही तेच बोलताय. आता हे उत्तर बघा: ‘उत्पन्नाचा दाखला तहसीलचा आहे ना? मग फॉर्मची लिंक उघडून तोच जोडा.’ यात अकरा शब्द आहेत. पहिल्या वाक्याशी सामाईक फक्त तीन, ‘फॉर्मची’, ‘लिंक’ आणि ‘आहे’. एकूण वेगळे शब्द सतरा. सतरात तीन, म्हणजे १८ टक्क्यांच्या आसपास. आणि हे १८ टक्के काही युक्तीने आलेले नाहीत. समोरच्याने दाखल्याबद्दल विचारलं होतं आणि तिने दाखल्याबद्दल सांगितलं, म्हणून आले. खऱ्या व्यवस्थेतली मापं याहून गुंतागुंतीची असतात, पण दिशा हीच.

हे सगळं का करतात, हे महाराष्ट्रात बसून विचारायची पाळी येऊ नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी समजून पाच माणसांना जमावाने ठार मारलं. भटक्या समाजातली, भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. त्या दिवसांत तसली अफवा व्हॉट्सॲपवर जिल्ह्या-जिल्ह्यात फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. यातही मजकूर खरा की खोटा हे कुणी तपासत नव्हतं. तोच मजकूर झपाट्याने पसरवण्यात अडथळा आणला, एवढंच. खोट्याला जो अडथळा आडवा येतो तो कधी कधी खऱ्यालाही येतो. मला तरी तो सौदा मान्य आहे.

आता चौकोन आल्यावर काय करायचं. थांबायचं. हे ऐकायला सोपं आहे, पण लोक नेमकं उलटं करतात. बटण पुन्हा पुन्हा दाबतात. अनेक यंत्रणांत असा फसलेला प्रयत्नसुद्धा मोजला जातो आणि बंदीची मुदत पुढे सरकू शकते. मग कुणी व्हीपीएन लावतं. त्यामुळे खातं अचानक दुसऱ्या देशातून उघडल्यासारखं दिसतं आणि वेगाच्या संशयात चोरीच्या संशयाची भर पडते. कुणी दुसऱ्या खात्यातून तेच वाक्य टाकायला घेतं. आता एकाच मोबाईलवरून दोन खाती सारखंच बोलतायत. जी गोष्ट काही तासांत मिटली असती ती आपण हाताने वाढवतो.

अशा बंदी बहुधा तात्पुरत्या असतात, काही तास किंवा काही दिवस. चौकोनात ‘Tell us’ असं बटण दिसत असेल आणि तुम्हाला वाटत असेल की चूक झाली आहे, तर ते एकदा दाबा. एकदाच. तेवढ्या वेळात सेटिंगमध्ये ‘Apps and websites’ उघडून बघा. फॉलोअर वाढवून देतो, आपोआप कमेंट करतो, अशा एखाद्या ॲपला कधी तरी परवानगी दिली असेल तर काढून टाका आणि पासवर्ड बदला. कारण असं ॲप तुमच्याच माठातलं पाणी तुमच्या नकळत उपसत असतं. स्वतः एकही कमेंट न करता चौकोन आला तर पहिला संशय इथेच घ्या.

बंदी उठली की लोक उरलेली शंभर उत्तरं संपवायला बसतात, आणि चौकोन परत येतो. म्हणून मुळात ती शंभर उत्तरं द्यायची वेळ का आली ते बघा. आपल्या कार्यकर्तीने ‘लिंक असं लिहा’ म्हणून सांगितलं, तिथेच तिने स्वतःवर शंभर सारख्या उत्तरांचं ओझं घेतलं. त्याऐवजी रीलमध्येच ‘लिंक बायोमध्ये आहे’ म्हणता आलं असतं. रील टाकून झाल्यावरही कॅप्शन बदलता येतं. तिथे पहिल्याच ओळीत ते लिहायचं. मग स्वतः एक कमेंट करायची, त्यात लिंक कुठे आहे, शेवटची तारीख कोणती, कागदपत्रं कोणती, सगळं लिहायचं आणि ती कमेंट पिन करायची. इन्स्टाग्रामवर एका पोस्टवर तीन कमेंट पिन करता येतात. तीन म्हणजे पुष्कळ. एक लिंकसाठी, एक दाखल्यांसाठी, एक नंतर उद्भवणाऱ्या प्रश्नासाठी मोकळी ठेवा. आणि कमेंटमध्ये पूर्ण वेबपत्ता पेस्ट करण्यात तसाही अर्थ नाही. इन्स्टाग्रामवर कमेंटमधल्या पत्त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही, फक्त तुमचा मजकूर जाहिरातीसारखा दिसायला लागतो.

हे केलं की दीडशेतल्या ज्या शंभर नुसत्या ‘लिंक’ होत्या त्यांना वेगळं उत्तर द्यायची गरज उरत नाही. फार तर लाईक करा. उरतात पन्नास. त्यातही एखाद्याने विचारलेलं असतं, ‘वडील रिक्षा चालवतात, उत्पन्नाचा पुरावा काय देऊ?’ एखादीने विचारलेलं असतं, ‘लग्नानंतर नाव बदललंय, जुन्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, चालेल का?’ या दोन प्रश्नांना एकच उत्तर चालणारच नाही. विचार करून, माहिती काढून लिहायला तीन-चार मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात नळ आपला चालू असतो.

पण आपल्यासारख्या चळवळीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक प्रकार घडतो. एखादी खोटी पोस्ट फिरायला लागते. आपल्या व्हॉट्सॲप गटात कुणी तरी चांगलं खंडन लिहून टाकतं आणि खाली लिहितं, ‘सगळ्यांनी जाऊन हे पेस्ट करा.’ वीस-पंचवीस जण अर्ध्या तासात तोच परिच्छेद तिथे चिकटवतात. यंत्राला काय दिसतं? पंचवीस खाती, एक मजकूर, एक ठिकाण, एक वेळ. भाड्याच्या ट्रोल टोळ्या अशाच चालतात. मेटा कंपनीने खोट्या खात्यांच्या संघटित मोहिमांविरुद्ध २०१८पासून वेगळं धोरण आखलं आहे. आपली खाती खरी असतात, हेतूही लपवलेला नसतो, त्यामुळे आपण त्या व्याख्येत बसत नाही. पण स्पॅमचा नियम एवढी चौकशी करत बसत नाही. आणि यंत्र सोडा, तिथे वाचणारा शेजारी काय समजेल? शिकवून पाठवलेली माणसं आली. खंडन खरं असूनही ते बोलणाऱ्याचं वाटत नाही.

त्याऐवजी एकाने पुराव्यासह एक नीट उत्तर लिहावं. बाकीच्यांनी त्याला लाईक करावं म्हणजे ते वर राहील. ज्याला त्या गावाची, त्या प्रसंगाची स्वतःची माहिती आहे त्याने आपल्या शब्दांत भर घालावी. चौघांची चार वेगळी वाक्यं पंचवीस एकसारख्या परिच्छेदांपेक्षा जास्त वाचली जातात. गटात पाठवायचंच असेल तर तयार वाक्य पाठवू नका. बातमीचा दुवा, मूळ फोटोची तारीख, पोलिसांचं निवेदन, असे मुद्दे पाठवा. वाक्य ज्याचं त्याने करावं.

आता त्या शंकेकडे येतो. आपल्याला आपण कोण आहोत म्हणून अडवलं जातं का? काही वेळा विषयावरून अडवलं गेलं आहे, हे नोंदलेलं आहे. मे २०२१मध्ये जेरुसलेममध्ये संघर्ष चालू असताना ‘अल-अक्सा’ हा हॅशटॅग इन्स्टाग्रामवर काही काळ अडकला. एका दहशतवादी संघटनेच्या नावात तो शब्द आहे म्हणून मशिदीचं नावच रोखलं गेलं, आणि कंपनीने ती चूक मान्य केली. पुढे मेटाच्याच सांगण्यावरून बीएसआर या संस्थेने त्या काळातल्या कारवायांची तपासणी केली. सप्टेंबर २०२२मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात हिब्रूच्या तुलनेत अरबी मजकुरावर गरजेपेक्षा जास्त कारवाई झाल्याचं म्हटलं आहे. तेव्हा ‘असं कधी होतच नाही’ असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण तो प्रकार वेगळा आणि हा चौकोन वेगळा, आणि दोन्ही ओळखता येतात. विषयावरून कारवाई होते तेव्हा तुमची विशिष्ट पोस्ट किंवा कमेंट काढली जाते आणि कोणत्या नियमाखाली काढली ते सांगितलं जातं. सेटिंगमध्ये ‘Account Status’ उघडा. काढलेला मजकूर तिथे दिसतो आणि त्यावर अपील करता येतं. वेगाच्या मर्यादेत आधी टाकलेल्या कमेंट बहुधा जागेवरच राहतात, फक्त नवी जात नाही. आणखी एक खूण. चौकोन उत्तरांच्या रांगेत विसाव्या-तिसाव्या कमेंटला आला, की दिवसातल्या पहिल्याच आणि एकाच कमेंटला आला? पहिला प्रकार मोजणीचा. दुसरा झाला तर स्क्रीनशॉट घ्या, वेळ लिहून ठेवा, कमेंटचा मजकूर जपून ठेवा आणि अपील करा. तिथे तक्रार करायला आधार आहे. पण शंभरदा पेस्ट करून आलेल्या चौकोनाचा स्क्रीनशॉट ‘आमचा आवाज दाबला’ म्हणून फिरवला, तर खऱ्या तक्रारीच्या वेळी कुणी ऐकणार नाही.

(भाषणानंतर काही प्रश्न आले. त्यातले दोन इथे देत आहोत.)

प्रश्न: आमच्या रक्तगटाच्या पेजवर प्रत्येकाला खरंच तेच सांगावं लागतं, ‘नंबर इनबॉक्स करा.’ मग काय करायचं?

‘नंबर इनबॉक्स करा’ हे पोस्टमध्येच लिहा आणि पिन करा. आणि कृपा करून रुग्णाचा किंवा दात्याचा मोबाईल नंबर उघड्या कमेंटमध्ये मागू नका. बिझनेस खातं असेल तर इन्स्टाग्रामने अधिकृतपणे दिलेली एक सोय आहे. कमेंट करणाऱ्याला सात दिवसांच्या आत एक खासगी उत्तर पाठवता येतं, आणि ते मान्यता असलेल्या साधनातून आपोआपही पाठवता येतं. पण जे साधन तुमचा इन्स्टाग्रामचा पासवर्ड आपल्या पानावर टाकायला सांगतं ते अधिकृत नाही. खरं साधन तुम्हाला इन्स्टाग्रामच्याच लॉगिन पानावर नेतं आणि परवानगी विचारतं. एवढा फरक बघितलात तरी पुष्कळ.

प्रश्न: बंदी उठल्याचं कसं कळतं? सारखं ट्राय करून बघायचं नाही म्हणालात.

‘Account Status’मध्ये कोणत्या सोयी सध्या वापरता येत नाहीत याचा एक विभाग असतो, तो बघा. तिथे काही नसेल तर एक दिवस जाऊ द्या आणि ओळखीच्या माणसाच्या पोस्टवर एक साधी, खरी कमेंट करा. ती गेली तर त्या दिवशी पाच-सहा प्रश्नांचीच उत्तरं द्या. पहिल्यांदा त्या मार्कशीटवाल्या मुलीला द्या, कारण तिची फॉर्मची तारीख जवळ आलेली असेल.